भिंतीची तपासणी एका मीटरवर

मंडळी, आधी एक विचारतो. किती जणांच्या पिशवीत आत्ता ओळंबा आहे? हात वर करा. दोनच दिसतात. आणि तपासणीच्या तक्त्यावर 'ओळंबा – ठीक' असं लिहिणारे मात्र इथे सगळे बसलेत. माझं भांडण त्या 'ठीक'शी आहे. विषय वीटकाम आणि गिलावा दोन्हींचा दिलाय, पण आधी या एका शब्दाचं बोलू.

230 मि.मी.ची बाहेरची भिंत घ्या, उंची 3 मीटर. पूर्ण झाल्यावर बाहेरून वर ओळंब्याचा ठोकळा टेकवला, तर खाली वजन आणि भिंत यांच्यात 14 मि.मी. फट निघाली. म्हणजे भिंत वर बाहेर झुकलीय. आयएस 2212 प्रमाणे एका मजल्यात 3 मीटरला 6 मि.मी. फरक चालतो, म्हणजे ही भिंत दुपटीहून जास्त बाहेर. तक्त्यावर मात्र 'ठीक', कारण मिस्त्री म्हणाला, गिलाव्यात घेऊ.

गिलाव्यात घेऊ म्हणजे काय होतं ते बघा. आतला गिलावा 12 मि.मी. ठरलाय. खाली 12 ठेवून वर ओळंब्यात आणायचा, तर वर 26 मि.मी. भरावा लागतो. एवढा जाड थर एका हातात मारला की स्वतःच्या वजनाने खाली सरकतो, सुकताना आकसतो आणि विटेपासून सुटतो. बाहेर उलटं होतं. 20 मि.मी.चा गिलावा खालून सरळ वर नेला, तर वर 6 मि.मी.च उरतो. सीपीडब्ल्यूडीच्या नियमात कोणत्याही ठिकाणी ठरल्यापेक्षा 3 मि.मी.हून कमी जाडी चालत नाही. इथे तर 14 कमी आहे, आणि तेही पावसाच्या बाजूला.

आता ही भिंत कुठे पकडायची? पूर्ण झाल्यावर पकडली तर सगळी पाडावी लागते, म्हणून कुणी पाडत नाही. एका दिवसात 1 मीटरपेक्षा जास्त उंच बांधायचं नाही, हे सगळ्यांना माहीत आहे. तपासणीही तिथेच करा. भिंत सुरुवातीपासून झुकत असेल, तर 1 मीटरवर फट जवळपास 5 मि.मी. दिसेल. त्या उंचीला प्रमाणात मर्यादा 2 मि.मी. येते. तेव्हा तेवढाच मीटर उतरवायचा, आणि पुढच्या मीटरला दोरी बांधायच्या आधी सही घ्यायची. मात्र ढकलून ओळंब्यात आणायला देऊ नका. मसाला धरायला लागल्यावर ढकललं की खालचा सांधा तुटतो. वरून भिंत सरळ दिसते आणि आत ओळीने फट राहते.

म्हणून तक्त्यात 'ठीक' लिहायची जागाच नको. जागा असावी आकड्याला: डावीकडे, मध्ये, उजवीकडे, तीन ठिकाणी फट किती आणि कोणत्या बाजूला. शेजारी मर्यादा छापलेली. सांध्यांचंही तसंच: 10 मि.मी.चा सांधा फार तर एक पंचमांशाने कमीजास्त, म्हणजे 8 ते 12 मध्येच असावा. सांधे ओले असताना 10 मि.मी. खोल खरवडलेत का, हे त्याच दिवशी बघावं लागतं. नंतर ते होत नाही, आणि गिलाव्याला धरायला काही मिळत नाही.

वेळ संपत आल्याची चिठ्ठी आलीय. गिलावा आणि अहवाल भराभर सांगतो.

क्युरिंग झाल्यावर लाकडी दांड्याने भिंत ठोकत जा. पोकळ वाजेल तिथे खडूने रेघ मारा. काँक्रीटचा बीम आणि वीटकाम मिळतात ती ओळ आधी ठोका. काँक्रीट टोचलेलं नसलं आणि जाळी नसली तर सुटण्याची सुरुवात बहुधा तिथूनच होते. पोकळ, मऊ किंवा तडकलेला भाग चौकोनी कापायचा, पक्का आवाज येईपर्यंत. वरून पुट्टी भरून चालत नाही. मग सांधे पुन्हा खरवडा, धूळ झाडा, पाणी मारा आणि त्याच मसाल्याने भरा. दुसऱ्या दिवसापासून निदान सात दिवस पाणी.

दुरुस्तीची नोंद करताना पहिला आकडा खोडू नका. खालच्या ओळीत लिहा, असं:

'भिंत ब-3, तिसरा मजला, आतली बाजू. पहिली तपासणी: बीमखाली पोकळ, 0.6 × 0.4 मी., नामंजूर. कारण: काँक्रीट टोचलेले नाही. काम: चौकोनी कापून, टोचून, जाळी लावून पुन्हा गिलावा. पाणी कोणत्या तारखेपर्यंत. दुसरी तपासणी: ठोकून पक्का, पट्टीखाली फट किती मि.मी. सही: मिस्त्री, अभियंता.'

कारणाचा रकाना रिकामा राहिला तर अहवाल परत पाठवा. चार भिंतींवर हेच कारण आलं, तर पाचव्या भिंतीचा गिलावा थांबवून आधी तिथला बीम टोचून घ्या. प्रश्न असतील तर खाली भेटू, ओळंबा घेऊन या.