छप्पन्नाव्या मात्रेवर भेट

[पडदा काळा. फक्त आवाज: पोती, पावलं, हाका. दहा सेकंद.]

निवेदन:
हा आवाज सकाळी साडेसातचा आहे. पुण्यातली महात्मा फुले मंडई, शुक्रवार पेठ. फोन खिशात ठेवून मी हे तासभर टिपलं. घरी ऐकायला बसलो तेव्हा वाटलं, कुणीतरी सगळी मंडई एका पिशवीत कोंबली आहे. जवळची मावशी आणि लांबचा हमाल, दोघांचे आवाज सारखेच मोठे. फोन हलका आवाज आपोआप वाढवतो आणि मोठा दाबतो. त्यामुळे मंडईतली जी गोष्ट मला हवी होती, तीच नेमकी गेली. ती म्हणजे अंतर.

मला या गोंगाटाची कविता करायची होती. मंडईचं वर्णन करणारी नव्हे, वाचताना मंडई कानात उभी राहील अशी.

[दृश्य: मंडईचा अष्टकोनी मनोरा, खाली गाळे.]

निवेदन:
ही इमारत १८८६ सालची. तेव्हा नाव होतं रे मार्केट, गव्हर्नर लॉर्ड रे यांच्यावरून. जोतीराव फुल्यांनी तिच्या खर्चाला विरोध केला होता, आणि पुढे नाव लागलं ते त्यांचंच. पण आपलं काम दगडापेक्षा वरच्या पोकळीशी आहे. छत उंच आहे. हाक वर जाते, फिरते आणि थोडी झिजून परत येते.

[दृश्य: वहीचं पान, सगळ्या ओळींवर काट.]

निवेदन:
हा माझा पहिला खर्डा. गजबज, कलकल, खळखळ, सळसळ. आपल्या भाषेत आवाजाचे शब्द ढिगानं आहेत, तेव्हा काम सोपं असेल असं वाटलं होतं. एका मैत्रिणीला मी पाठमोरी बसवलं, विषय न सांगता हे वाचलं आणि विचारलं, "कुठं आहेस?"

ती म्हणाली, "नदीवर. मग झाडाखाली."

बरोबर होतं तिचं. या शब्दांना मालक आधीच ठरलेले आहेत. खळखळ पाण्याची, सळसळ पानांची, छमछम पैंजणांची. पोतं ओढण्याला मी 'सरसर' लिहिलं होतं. तिला साप दिसला. आणि गजबज, कलकलाट हे तर आवाज नव्हेतच, आवाजाची नावं आहेत. नुसतं ऐकून माणूस मंडईत पोचला नाही तर ओळ काटायची, हा नियम त्या दिवशी ठरला. पानावर दोन ओळी उरल्या.

[दृश्य: तुळशीबागेच्या बाजूचा रस्ता. कॅमेरा मंडईकडे चालू लागतो.]

निवेदन:
मग फोन घरी ठेवला आणि वही घेऊन आलो. चार जागा ठरवल्या: रस्ता, दार, दोन गाळ्यांमधली वाट, आणि मेथीवाल्या मावशींच्या अगदी समोर. प्रत्येक जागी डोळे मिटून जे कानावर येईल तेवढंच लिहायचं. मावशी काय म्हणतात हे मला माहीत होतं. पण माहीत असलेलं लिहायचं नाही, ही अट.

रस्त्यावरून ऐकू आलं ते हे:

एऽ ई अ आऽ
एऽ ई अ आऽ

एवढंच. व्यंजनं रस्त्यापर्यंत पोचतच नाहीत. लांबवर जातो तो स्वर. त्याला घशाचा जोर असतो आणि तो ताणता येतो. थ, स, ह यांच्यात नुसता श्वास असतो, तो गर्दीत विरतो. म्हणून फेरीवाल्याची हाक शेवटी स्वरावर लांबते. लांबच्या माणसाला शब्द नाही कळला तरी कुणीतरी हाक मारतंय हे कळतं.

[दृश्य: दार, मग गाळ्यांमधली वाट. वहीतल्या ओळी पडद्यावर एकेक करून.]

निवेदन:
दारात पहिला म सापडला, कारण तो नाकातून गुंजतो. दोन गाळे ओलांडल्यावर द. त्यापुढे थ. ह अगदी शेवटी, मावशींच्या हातातली जुडी दिसायला लागल्यावर.

एऽ ई अ आऽ
मे ई अ आ
मे ई द आ
मेथी द आ
मेथी दहा

हा कवितेचा पहिला भाग. कवी इथं चालण्यापलीकडे काही करत नाही. एकही नवीन शब्द न घालता वाचणारा रस्त्यावरून गाळ्यापर्यंत येतो. त्या मैत्रिणीला ऐकवलं तेव्हा तिसऱ्या ओळीला तिनं मान थोडी पुढे केली, लांबचं ऐकताना करतो तशी.

[दृश्य: जवळून. मावशींचे हात. मेथीवर पाण्याचा हबका. लोखंडी वजन पारड्यात पडतं.]

निवेदन:
जवळ आल्यावर हाकांच्या मधले छोटे आवाज सुटे होतात. इथं तबल्याच्या बोलांनी मदत केली. तबलजीला आवाज अक्षरात बांधायची सवय कित्येक पिढ्यांची. घुमणाऱ्या आघाताला तो उघडा स्वर देतो, 'धा'. दाबलेल्याला शेवटी बंद करतो, 'कत्'. तोच हिशेब मी वजनांना लावला. वजन रिकाम्या पारड्यात पडलं तर 'ठण्', कारण धातू नाकात गुंजल्यासारखा वाजत राहतो. तेच वजन गोणपाटावर ठेवलं की 'ठप्', ओठ मिटले, संपलं. पाण्याचा हबका 'सप् सप्'. पाठीवरून उतरलेलं पोतं 'धप्', आणि त्याआधी हमालाचा श्वास, 'ह्ह'.

एका ठिकाणी लिपी तोकडी पडली. प्लॅस्टिकची पिशवी उघडताना होतो तो 'चर्र'. यातला च 'चाक'मधला, जिभेचं टोक दातांशी. 'चार'मधला च घेतला तर पिशवीऐवजी फोडणी ऐकू येते. लिहिताना दोन्ही च सारखेच. शेवटी पानाच्या कडेला मी एक छोटं चाक काढून ठेवलं.

आता बऱ्याच गाळ्यांवर काट्याची जागा इलेक्ट्रॉनिक वजनानं घेतली आहे, आणि पैसे आल्याचं सांगणारी डबी आहे. तिचा आवाज मी मुद्दाम नाही घेतला. ती जवळूनही तशीच आणि लांबूनही तशीच बोलते.

[दृश्य: हमाल डोक्यावर पाटी घेऊन गर्दीतून येतो. "पाटी आली! पाटी आली!"]

निवेदन:
इथपर्यंत आवाज एकामागून एक येत होते. मंडईत मात्र ते एकदम येतात, आणि पानावर ओळी एकाखाली एकच लिहिता येतात. दोन हाका एकदम कशा लिहायच्या, यावर माझे पंधरा दिवस गेले. उत्तर निघालं मात्रा मोजण्यात. शाळेत ऱ्हस्वाला एक, दीर्घाला दोन असं मोजलेलं आठवत असेल.

मेथी दहा. मे दोन, थी दोन, द एक, हा दोन. सात.

पाटी आली. पा दोन, टी दोन, आ दोन, ली दोन. आठ.

[दृश्य: टेबल. दोन वाचक पाठीला पाठ लावून, मांडीवर बोटानं मात्रा धरतात.]

निवेदन:
दोघं एकदम सुरू करतात. मावशींची पहिली हाक संपते तेव्हा हमालाची एक मात्रा बाकी असते. दुसरी संपते तेव्हा दोन, तिसरीला तीन. प्रत्येक फेरीला हाका एकमेकींवरून थोड्या घसरतात. अठ्ठावीसाव्या मात्रेनंतर एक फसवी भेट होते: 'मेथी' बरोबर 'आली'वर पडते, कानाला वाटतं जुळलं, आणि पुन्हा सुटतं. खरी भेट छप्पन्न मात्रांनी. आठ वेळा मेथी, सात वेळा पाटी. तोपर्यंत जे ऐकू येतं, तो मला हवा होता तो गोंगाट. एकही अक्षर अस्पष्ट नाही, आणि तरी गर्दी आहे.

दोन हाकांतला फरक फक्त एका ऱ्हस्व 'द'चा आहे. सगळी मंडई त्या एका मात्रेवर उभी आहे.

[ध्वनी: पहिल्या तालमीचं ध्वनिमुद्रण. दोन्ही हाका एका ठेक्यात.]

निवेदन:
ही पहिली तालीम. ऐका, काय चुकलंय.

मावशींची ओळ वाचणारी मैत्रीण शेवटचा 'हा' ताणत होती. मावशी ताणतात म्हणून तिनंही ताणला. ताणलेला स्वर म्हणजे प्लुत, त्याच्या तीन मात्रा. सातच्या झाल्या आठ, आणि दोन्ही हाका पावलाला पाऊल लावून चालायला लागल्या. मंडई जाऊन भजन सुरू झालं. ऐकायला बसलेले दोघं तर टाळ्याही धरायला लागले. चूक ओळखायची याहून सोपी खूण नाही. ऐकणाऱ्याचा हात ठेक्यावर पडला की थांबायचं आणि 'हा' आखडायचा.

म्हणून पहिल्या भागात, लांबून येताना, ताण आहे; दुसऱ्या भागात, जवळ, ताण नाही. आणि पाठीला पाठ यासाठी, की समोरच्याचे ओठ दिसले की माणूस नकळत त्याच्याशी जुळवून घेतो.

१९१६ साली झुरिकच्या कॅबरे व्होल्टेअरमध्ये ह्यूगो बाल यांनी शब्द पार टाकून देऊन नुसत्या ध्वनींच्या कविता म्हटल्या होत्या. मला ते जमलं नाही, आणि खरं सांगायचं तर जमवावंसंही वाटलं नाही. मेथी ही मेथीच राहायला हवी होती. कुणाला तरी ती संध्याकाळी निवडायची असते.

[दृश्य: गाळा. दोन वाचक मावशींसमोर म्हणतात. छप्पन्नावी मात्रा. शांतता. मागून 'धप्'.]

निवेदन:
ते शेवटचं पोतं आमच्या पानावर नव्हतं. ते खरंच पडलं. संकलनात तसंच ठेवलं.

मावशींनी सगळं ऐकून घेतलं. मग मैत्रिणीला म्हणाल्या, "ताई, एवढ्यांदा मेथी मेथी केलंत, एक जुडी तरी न्या."

नेली. निवडायला तासभर लागला.

[दृश्य: पंधरा दिवसांनंतर. तोच गाळा, तीच वेळ.]

निवेदन:
नंतर पावसानं पालेभाजी महागली. चित्रणाचे थोडे तुकडे राहिले होते म्हणून पुन्हा गेलो, तर रस्त्यावरून वेगळंच ऐकू आलं. एऽ ई इ आ आऽ. दार ओलांडलं, वाट ओलांडली. मेथी विसाला.

"मावशी, नुसतं वीस का नाही म्हणत?"

"वीस तोंडातच राहतं बाळा. विसाला म्हटलं की जातं लांब."

स तोंडात राहतो, ला लांब जातो. मे दोन, थी दोन, वि एक, सा दोन, ला दोन. नऊ. नऊ आणि आठ भेटणार बहात्तराव्या मात्रेवर. मैत्रिणीला फोन केला, म्हटलं, पुन्हा तालीम करावी लागेल.

[ध्वनी: "मेथी विसाला, मेथी विसाला." त्यावरून, लांबून: "पाटी आली." पडदा काळा.]