माल गेला तरी फरक दिसत का नाही

(गोदाम सांभाळणाऱ्या आणि हिशोब बघणाऱ्या लोकांसमोर दिलेलं व्याख्यान, थोडं नीट करून)

आधी एक हिशोब मांडतो, मग बोलू. इलेक्ट्रिकच्या वायरचं गोदाम घ्या. महिन्याच्या सुरुवातीला ४० बंडलं होती, महिनाभरात १०० आली, ९० कामावर गेली, म्हणजे रजिस्टरप्रमाणे ५० शिल्लक पाहिजेत. मोजली तर ४४ निघाली. सहा गायब. आता इथे बहुतेक जण विचारतात की नेली कोणी, आणि लगेच कुलूप, कॅमेरा, गेटवर झडती वगैरे सुरू होतं. मी म्हणतो तो प्रश्न जरा बाजूला ठेवा. सहा बंडलं बाहेर काढणं काही फार अवघड नसतं हो, ज्याच्याकडे किल्ली आहे त्याला तर नाहीच. अवघड असतं ते ५० आणि ४४ मधला फरक जिरवणं. ज्याला तो जिरवता येत नाही तो एकदाच चोरी करतो आणि पहिल्याच मोजणीला अडकतो, आणि ज्याला जिरवता येतो तो वर्षानुवर्षं करत राहतो आणि वर त्याचं रजिस्टर किती चोख आहे म्हणून कौतुक होतं.

तर समजा ऑर्डर देणं, माल उतरवून घेणं, किल्ली आणि रजिस्टर, सगळं एकाच माणसाकडे आहे. तो काय करेल? सोपं म्हणजे कामावर गेलेली ९० ची ९६ करेल, एक चिठ्ठी स्वतःच लिहायची, कुठल्यातरी साइटचं नाव टाकायचं, झालं, रजिस्टर ४४ वर आलं. किंवा सहा बंडलं खराब झाली, उंदरांनी कुरतडली, म्हणून अ‍ॅडजस्टमेंट टाकेल. किंवा त्याहून सोपं, मोजणी त्यालाच करायला सांगितलीय तर ४४ मोजून ५० लिहील. हे तीन रस्ते सगळ्यांना सुचतात.

चौथा बघा, तो मला सगळ्यात हुशारीचा वाटतो. बिल १०० चं आलंय, माल १०० आलाय, तो अकाउंट्सला बिलावर सही करून पाठवतो की १०० मिळाले, पैसे द्या, आणि स्वतःच्या रजिस्टरमध्ये आवक लिहितो ९४. चाळीस अधिक चौऱ्याण्णव वजा नव्वद, चव्वेचाळीस. मोजायला कोणीही या, ऑडिटर या, मालक या, रजिस्टरशी माल तंतोतंत जुळतो. अकाउंट्सचे पण कागद पूर्ण आहेत, ऑर्डर १००, बिल १००, सही १००. दोन्हीकडे सगळं बरोबर, फक्त अकाउंट्सचे १०० आणि रजिस्टरचे ९४ एकमेकांसमोर कधी येतच नाहीत कारण दोन्ही आकडे एकाच माणसाच्या हातून निघतात. म्हणून कोणी मला सांगतं ना की आमचं स्टॉक टेकिंग दर महिन्याला होतं आणि कधीच फरक येत नाही, तेव्हा मी आधी विचारतो की रजिस्टर कोण लिहितं. कापून कापून मीटरवर देता ती वायर, त्यात तर थोडीफार घट-वाढ निघायलाच पाहिजे, टोकं वाया जातात, माप इकडेतिकडे होतं, तिथे सतत शून्य फरक येत असेल तर माझी काळजी वाढते.

आता कामं वाटायची म्हणजे नेमकं काय वाटायचं. नुसती चार माणसं चार खुर्च्यांवर बसवली म्हणजे वाटणी झाली असं नाही. ज्याचा हात मालाला लागतो त्याचा हात हिशोबाला लागता कामा नये, हे मूळ. बाकीचं त्याच्यामागून येतं.

खरेदीवाला ऑर्डर देतो. त्याने माल उतरवायचा नाही, कारण सप्लायरशी त्याचंच बोलणं असतं, भाव तोच ठरवतो, ९४ पाठव आणि १०० चं बिल लाव ही सेटिंग झाली तर तिथेच होणार. उतरवून घेणारा वेगळा, आणि त्याला ऑर्डरची जी कॉपी मिळते तिच्यावर मालाचं नाव असावं, साइझ असावी, पण नग किती ते कोरं असावं. म्हणजे त्याला मोजावंच लागतं. नाहीतर माणूस काय करतो, कागदावर १०० दिसतात, गाडी भरलेली दिसते, बरोबरची खूण करून मोकळा. तो चोर असतो असं नाही, कंटाळलेला असतो, पण त्याच्या कंटाळ्यावरच दुसऱ्याची चोरी चालते.

एक गंमत सांगतो, ही कोऱ्या कॉपीची पद्धत खूप ठिकाणी नावालाच असते, कारण ऑर्डरवरचा आकडा झाकलेला असतो पण ड्रायव्हर चलान हातात देतो आणि त्यावर ठळक अक्षरात १०० लिहिलेलं असतं! मग कसली कोरी कॉपी. त्याला उपाय साधा आहे, चलान गेटवरच घ्यायचं आणि ते थेट ऑफिसात जाईल, उतरवणाऱ्याने मोजून आवक पावतीवर आकडा लिहून सही केल्यावरच ते चलान त्याच्यासमोर येईल. मग फरक असेल तर ड्रायव्हरसमोर चलानवर कमी माल मिळाल्याचं लिहून घ्यायचं. गाडी गेल्यावर हे भांडण कोणी जिंकत नाही.

यानंतरची पायरी लोक गाळतात आणि माझ्या मते सगळ्यात जास्त काम तीच करते. उतरवणाऱ्याने माल स्टोअरकीपरच्या ताब्यात देताना स्टोअरकीपरने पुन्हा मोजायचं आणि त्याच आवक पावतीवर सही करायची. आता विचार करा, उतरवणारा आणि ड्रायव्हर मिळालेले आहेत, आले ९४, लिहिले १००. स्टोअरकीपरने न मोजता १०० वर सही केली तर ती सहा बंडलं उद्या त्याच्या नावावर कमी निघणार. तो कशाला सही करेल? ९४ च लिहील. म्हणजे इथे कोणी फार प्रामाणिक असायची गरजच नाही, स्वतःची मान वाचवायला तो मोजतो आणि तेवढ्याने दुसऱ्याचा खोटा आकडा उघडा पडतो.

आणि पावती एकच पाहिजे बरं का. छापील नंबर असलेली, तीन कॉपी, एक अकाउंट्सला, एक स्टॉकची नोंद करणाऱ्याला, एक स्टोअरमध्ये. मघाचा जो १०० आणि ९४ चा खेळ होता तो इथे मरतो, कारण बिल पास करायला आणि स्टॉक चढवायला एकाच पावतीचा एकच आकडा वापरला जातो. अकाउंट्सवाला ऑर्डर, पावती आणि बिल तिन्ही जुळवतो तेव्हाच पेमेंट निघतं. नंबर मध्येच तुटला, म्हणजे ३१२ नंतर एकदम ३१४ आली, तर ३१३ शोधायची, रद्द केली असेल तर तिन्ही कॉप्या रद्दच्या शिक्क्यासकट फाइलमध्ये हव्यात.

माल बाहेर जातो तेव्हा मागणी चिठ्ठी ज्याला माल पाहिजे त्याच्याकडून आली पाहिजे, स्टोअरकीपरने लिहायची नाही. आणि महिन्याला त्या साइटवाल्याला यादी पाठवायची की तुझ्या नावावर ९६ बंडलं पडलीत, बरोबर का. त्याच्या कामाचा खर्च त्यातून वाढणार असतो, तो बोंब मारतो, मी ९० च घेतली म्हणून. फुकटचा ऑडिटर आहे तो तुमचा.

खरी गळती मात्र अ‍ॅडजस्टमेंटमध्ये असते आणि तिकडे कोणी बघत नाही. खराब झालं, तुटलं, मोजणीत चूक, सप्लायरला परत पाठवलं, अशा नोंदींना कारण काहीही लिहिता येतं. ही नोंद टाकायचा अधिकार स्टोअरकीपरला द्यायचा नाही, त्याने फक्त कळवायचं, मंजूर तिसऱ्याने करायचं आणि मंजूर करायच्या आधी ती खराब बंडलं डोळ्यांनी बघायची. भंगारात टाकायची तर तिसऱ्यासमोर कापून टाकायची, नाहीतर तीच चांगली बंडलं भंगाराच्या गाडीतून जातात. परत पाठवलेल्या मालाची सप्लायरकडून क्रेडिट नोट आली का ते अकाउंट्सने बघायचं, माल गेला आणि क्रेडिट नोट आलीच नाही तर तो माल सप्लायरकडे गेलाच नव्हता असं धरून चौकशी सुरू करा. आणि अ‍ॅडजस्टमेंटची यादी तारखेने लावून बघा, मोजणीच्या आदल्या दोनतीन दिवसांत गर्दी दिसली तर कोणीतरी पुस्तक मालाला जुळवून घेतंय.

मोजणी करणाऱ्याबद्दल एक जुनी गोष्ट सांगतो, १९६३ ची, अमेरिकेतली. एका तेल व्यापाऱ्याने टाक्यांमधल्या खाद्यतेलावर प्रचंड कर्ज उचललं होतं, आणि टाक्यांमध्ये वर थोडं तेल आणि खाली पाणी होतं. त्या तेलाची हमी देणारी कंपनी वेगळी होती, मोठी, नावाजलेली, पण टाक्या सांभाळायला तिने जी माणसं नेमली ती आधी त्याच व्यापाऱ्याकडे कामाला होती. कागदावर वाटणी एकदम झकास आणि माणसं मात्र तीच. म्हणून मी नुसता चार्ट बघून समाधान मानत नाही, कोण कोणाचा माणूस आहे, कोणाची बदली कोण करतो हे पण विचारतो.

तुमच्याकडे सॉफ्टवेअर असेल तर हाच घोटाळा पासवर्डमध्ये होतो. सिस्टीममध्ये खरेदी, आवक, अ‍ॅडजस्टमेंट सगळ्यांचे वेगळे लॉगिन असतात, आणि साहेबांचा पासवर्ड मॉनिटरवर चिकटवलेला असतो कारण साहेब जेवायला गेले की काम अडतं. मागच्या तारखेची नोंद कोणाला बदलता येते आणि बदलली तर जुना आकडा सिस्टीममध्ये राहतो का पुसला जातो, हे दोन प्रश्न सॉफ्टवेअरवाल्याला नक्की विचारा.

शेवटी एकांनी चिठ्ठी पाठवलीय की आमच्याकडे दोनच माणसं आहेत आणि मी मालक, चार जणांची वाटणी कुठून करू. बरोबर आहे, नाही होत. मग एकाकडे किल्ली आणि माल उतरवणं द्या, दुसऱ्याकडे ऑर्डर आणि रजिस्टर, आणि पेमेंट व अ‍ॅडजस्टमेंट तुम्ही स्वतःकडे ठेवा. बिलाबरोबर किल्लीवाल्याच्या सहीची आवक पावती बघितल्याशिवाय पैसे सोडू नका. सप्लायरचं महिन्याचं स्टेटमेंट थेट तुमच्याकडे मागवा, मध्ये कोणाच्या हातात जाऊ देऊ नका. न सांगता कधीतरी पाचसहा वस्तू मोजा, त्यातल्या अर्ध्या रजिस्टरमधून निवडून गोदामात शोधा आणि अर्ध्या गोदामातून उचलून रजिस्टरमध्ये शोधा, कारण पहिल्याने गेलेला माल कळतो आणि दुसऱ्याने न चढवलेला. दोन गोदामं असतील तर एकाच वेळी मोजा, नाहीतर तीच बंडलं रात्रीतून इकडून तिकडे जातात. हे दोघंच एकमेकांना मिळाले तर यातलं बरंचसं कोलमडतं, ते खरंय, तेव्हा दोघांना आलटून पालटून सलग आठवडाभर सुट्टीवर पाठवा आणि त्या आठवड्यात त्याचं काम तुम्ही करा. जो माणूस वर्षानुवर्षं एक दिवस रजा घेत नाही त्याच्यापासून सुरुवात करा.