पाण्यावर चढणारं चाक

(दृश्य: जुलैमधली सकाळ. निगडीजवळ जुन्या मुंबई-पुणे महामार्गालगतचं हवा भरायचं दुकान. पत्र्यावर पाऊस. एक हॅचबॅक येऊन थांबते.)

“काका, ३३ करा चारही.”

“पावसाळा आहे दादा. २८ ठेवतो. पकड चांगली येते.”

गाडीवाला मान डोलावतो. व्हॉल्व्हमधून ‘फुस्स’ आवाज येतो आणि काटा २८ पॉइंटवर थांबतो. पुढच्या अर्ध्या तासात हे कुटुंब द्रुतगती मार्गावर असेल.

हा सल्ला वाईट हेतूने दिलेला नाही. तो पिढ्यान्‌पिढ्या चालत आलाय आणि एका ठिकाणी तो खराही आहे. चिखलात रुतलेल्या जीपची हवा कमी केली की टायर पसरतो, जास्त जमीन धरतो आणि गाडी निघते. वाळूतही तसंच. पण डांबरावर किंवा काँक्रीटवर तीन मिलीमीटर पाणी साचलेलं असताना ऐंशी-नव्वदच्या वेगाने धावणाऱ्या चाकाचा प्रश्न वेगळा आहे. तिथे खालची जमीन कडक आणि पक्की आहे. टायरला आधी तिच्यापर्यंत पोचायचं आहे, आणि मध्ये पाणी आहे.

(दृश्य: चाकाच्या जवळून, संथ गतीत. पुढे पाण्याची पाचर, बाजूला उडणारे फवारे.)

धावत्या गाडीचा टायर रस्त्याला जिथे टेकतो तो भाग तळहाताएवढाच असतो. लांबी साधारण १५ सेंटीमीटर, रुंदी १६. ताशी ८० किलोमीटरने जाताना रबराचा कुठलाही तुकडा रस्त्याला फार तर सेकंदाच्या दीडशेव्या भागाइतका वेळ टेकतो. तेवढ्यात तीन कामं व्हायची असतात. पुढच्या कडेने साचलेलं पाणी ढकलायचं, मधल्या भागाने उरलेला पातळ थर फोडायचा आणि मागच्या भागाने कोरडा रस्ता धरायचा. ब्रेक आणि स्टीअरिंग यांचा सगळा भरवसा त्या मागच्या कोरड्या भागावर आहे.

तीन मिलीमीटर पाणी असेल तर या वेगाला एका चाकाला दर सेकंदाला जवळपास १० लिटर पाणी वाटेतून हटवावं लागतं. म्हणजे एक लहान बादली, आणि तीही प्रत्येक सेकंदाला. वेग वाढला की पाण्याची पाचर मागे मागे सरकते आणि कोरडा भाग आखडत जातो. एका क्षणी तो संपतो. चाक पाण्यावर चढतं. यालाच अ‍ॅक्वाप्लेनिंग म्हणतात.

पाणी चाकाला उचलतं कसं? हात पाण्यात संथपणे बुडवला तर काही जाणवत नाही, जोरात आपटला तर तळवा झोंबतो. वेग दुप्पट झाला की पाण्याचा हा मार चौपट होतो. याला वरून दाबून धरतो तो टायर. आणि टायर रस्त्यावर किती दाबाने बसतो, तर जवळजवळ आतल्या हवेच्या दाबाइतक्याच.

इथे बरेचजण चकतात. आम्हीही चित्रीकरण सुरू करताना हेच धरून चाललो होतो, की गाडीत माणसं आणि सामान जास्त असलं की ती पाण्यावर सहज चढणार नाही. पण वजन वाढलं की टायर पसरतो आणि टेकणारा भाग मोठा होतो. दर चौरस इंचावरचा दाब थोडाफारच बदलतो. पाण्याशी झुंजते ती मुख्यतः हवा.

हे अमेरिकेच्या नासा या संस्थेच्या लँग्ली केंद्रात विमानांच्या चाकांवरच्या प्रयोगांतून पुढे आलं. ओल्या धावपट्टीवर उतरलेली विमानं थांबत का नाहीत, हा त्यांचा प्रश्न होता. वॉल्टर होर्न आणि रॉबर्ट ड्रेहर यांचा अहवाल १९६३ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि त्यात एक सोपं गणित होतं. आपल्या भाषेत ते असं: हवेचा दाब पॉइंटमध्ये, म्हणजे पीएसआयमध्ये घ्या, त्याचं वर्गमूळ काढा, आणि १६.७ ने गुणा. येईल तो ताशी किलोमीटरमधला वेग. त्या वेगाच्या आसपास चाक पाण्यावर चढायला लागतं.

३३ पॉइंटला हा वेग येतो सुमारे ९६. २८ ला ८८. २५ ला ८३.

या गणिताची हद्दही सांगायला हवी. ते गुळगुळीत टायरसाठी आहे, किंवा खाचांच्या खोलीपेक्षा जास्त पाणी असेल तेव्हाचं. चांगल्या खाचा आणि कमी पाणी असेल तर गाडी याहून जास्त वेगालाही रस्ता धरून राहते. टायर रुंद असेल तर आकडा खालीही येतो. म्हणून ९६ हा कुणासाठी परवाना नाही. पण हवा कमी झाल्यावर धोका कुठल्या दिशेने सरकतो, ते यातून स्वच्छ दिसतं.

आता निगडीच्या त्या गाडीकडे परत जाऊ.

(दृश्य: दाराच्या चौकटीवरचा स्टिकर. बोट ३३ या आकड्यावर.)

कंपनीने सांगितलेला दाब ३३, तोही थंड टायरचा. समजा, मे महिन्यात तापमान ४० अंश असताना तो बरोबर भरला होता. जुलैच्या सकाळी २४ अंश आहे. हवा थंड झाली की आकसते. एवढ्या फरकाने अडीच पॉइंट आपोआप कमी होतात. शिवाय धडधाकट टायरमधूनही महिन्याला साधारण एक पॉइंट हवा झिरपते. अडीच महिने कुणी तपासलं नसेल, तर टायरमध्ये आता २८ च उरलेत. कुठेही पंक्चर नाही, टायर बसलेला दिसतही नाही.

गाडी घरून निघून दहा-बारा किलोमीटर चालली, टायर जरा तापले, म्हणून दुकानातल्या गेजवर ३० दिसले. काकांनी दोन सोडले. काटा २८ वर आला, पण तो गरम टायरचा. थंडावल्यावर हेच टायर २६ वर येतील, आणि पावसात पाणी टायरला सतत थंड करत असतं. २६ चा वेग येतो ८५. सांगितलेल्या दाबाच्या मानाने धोक्याची रेघ ताशी ११ किलोमीटर खाली आली, तीही पकड वाढवायच्या भरवशावर. द्रुतगती मार्गाच्या सपाट भागात कारची वेगमर्यादा १०० आहे.

कमी हवेचा दुसरा परिणाम आकारावर होतो. मऊ टायरच्या कडा भार घेतात आणि मधला पट्टा आत दबतो. उताण्या ओंजळीत पाणी साठतं तसं मधोमध पाणी अडकतं, आणि बाहेर जायची वाट दोन्ही कडांनी बंद केलेली असते. खाचा कितीही चांगल्या असोत, मग त्यांचा उपयोग होत नाही.

(दृश्य: दोन टायर शेजारी शेजारी. एक नवा, एक झिजलेला. खोली मोजायचं छोटं गेज.)

खाचांचं काम पाण्याला तात्पुरती जागा देण्याचं आणि बाहेर नेण्याचं. टायरच्या घेरातून गोल फिरणाऱ्या तीन-चार उभ्या खाचा हे मोठे पाट. त्यांना मिळणाऱ्या तिरक्या खाचा पाणी खांद्याकडे नेतात. आणि सुरीने कापल्यासारख्या बारीक चिरा शेवटचा पातळ थर फोडतात.

टेकणाऱ्या भागात खाचांची जागा साधारण ३० टक्के धरा. नव्या टायरची खाच ८ मिलीमीटर असते. म्हणजे रस्त्यावरचा जवळजवळ अडीच मिलीमीटरचा थर नुसता पोटात घ्यायला जागा आहे. खाच दोन मिलीमीटरवर आली की ही जागा अर्ध्या मिलीमीटरच्या थोडी वर राहते. बाकीचं पाणी बाजूला रेटायचं, सेकंदाच्या त्या दीडशेव्या भागात. कायदा १.६ मिलीमीटरपर्यंत टायर चालवू देतो. खाचेच्या तळाशी रबराचे छोटे उंचवटे असतात, टायर झिजून त्यांच्या पातळीला आला की संपला. पण पावसासाठी माझी रेघ तीन मिलीमीटरला आहे, आणि गेज स्वस्त मिळतं.

नक्षी दिशेची असेल तर आणखी एक गोष्ट बघा. काही टायरांच्या बाजूला बाण आणि ‘रोटेशन’ असा शब्द असतो. पंक्चर काढून चाक गाडीच्या दुसऱ्या बाजूला बसवलं तर बाण उलटा होतो, आणि पाणी बाहेर न जाता मध्यभागी ओढलं जातं. कोरड्यात महिनोन्‌महिने हे कळत नाही.

(दृश्य: पाऊस. काचेतून वळण. पुढे ट्रकची चाकं.)

पाणी सगळीकडे सारखं नसतं. सरळ रस्त्याला कडेकडे उतार असतो, वळणावर तो वळणाच्या आतल्या बाजूला कललेला असतो. एका उतारातून दुसऱ्यात जाताना मध्ये एक टप्पा असा येतो की तिथे रस्ता आडवा सपाट असतो. तिथलं पाणी कुठे जायचं ते ठरवू शकत नाही आणि रेंगाळतं. वळण सुरू होण्याच्या जरासं आधी किंवा संपल्यावर गाडी हलकी झाल्यासारखी वाटते, त्यामागे पुष्कळदा हे असतं. डांबरी रस्त्यावर ट्रकच्या चाकांनी पडलेल्या चाकोऱ्याही तशाच पाणी धरून राहतात.

लक्षण आधी हातांना कळतं. स्टीअरिंग एकदम रिकामं होतं. इंजिन विनाकारण चढतं, कारण चाकांना रस्त्याचा विरोध उरलेला नसतो. खाली चाललेला पाण्याचा खळखळाट अचानक मंदावतो.

त्या वेळी पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून हळू उचलायचा, स्टीअरिंग सरळ धरायचं आणि ब्रेकला पाय लावायचा नाही. वाट बघायची, एक-दोन सेकंद. ब्रेक का नाही, हेही होर्न यांच्या प्रयोगांत दिसतं. चाक फिरत असताना ९६ ला सुटतं, पण ते थांबलं की पुन्हा रस्ता धरण्यासाठी वेग ८२ च्या आसपास यावा लागतो. एबीएसही इथे काही करू शकत नाही, कारण धरायला रस्ताच नाही. स्टीअरिंग वळवलेलं असेल तर चाक टेकताच गाडी त्या दिशेला झटका खाते. क्रूझ कंट्रोल पावसात बंदच ठेवा, नाहीतर तो सुटलेल्या चाकाला आणखी फिरवेल.

आणि दोनच नवे टायर घेत असाल तर ते मागे बसवा. आपल्याकडे सर्रास पुढे बसवतात. पुढची चाकं सुटली तर गाडी सरळ जाते, आणि पाय उचलला की बहुतेक वेळा सावरते. मागची सुटली तर गाडी फिरते, आणि ती सावरणं सामान्य चालकाच्या हातात उरत नाही.

(दृश्य: दुसऱ्या दिवशी पहाटे. तीच गाडी, घराच्या पार्किंगमध्ये. रात्रभर उभी. टायर थंड. गेजवर २६.)

गाडीवाला पायपंप लावतो. काटा ३३ वर येईपर्यंत त्याला चारही टायरला बराच वेळ लागतो.