देवदार नसलेली सकाळ

[दृश्य: शहाद्यातलं फ्लेक्स-डिझाइनचं छोटं दुकान. संगणकाच्या पडद्यावर एक चित्र.]

निवेदन: पडद्यावरचं हे घर म्हणे तोरणमाळचं. लाकडी ओंडक्यांच्या भिंती, मागे देवदारांची रांग, आणि त्याच्याही मागे बर्फ! दुकानातल्या ताईंनी होमस्टेच्या ऑनलाइन बॅनरसाठी एआयकडे मागितलं होतं ते इतकंच: 'डोंगरातलं होमस्टे, सूर्योदय, धुकं, आपुलकीचं वातावरण.' होमस्टे चालवणारे भाऊ तोरणमाळच्या एका पाड्यावरचे. ताईंनी पाठवलेलं चित्र फोनवर पाहून त्यांनी एकच प्रश्न केला, "ताई, एवढा बर्फ काढायला माणसं कुठून आणू?"

यात संगणकाचा फारसा दोष नाही. तो ज्या असंख्य चित्रांवरून शिकला, त्यांत डोंगर, धुकं आणि पाहुण्यांचं घर हे तिन्ही एकत्र आले की बहुतेक वेळा हिमाचल, मुन्नार नाहीतर युरोपातले डोंगर दिसतात. सातपुडा त्यात जेमतेम असणार. मग तो प्रॉम्प्टमध्ये, म्हणजे एआयला लिहून दिलेल्या मागणीत, आपल्यालाच घालावा लागतो.

[दृश्य: शहाद्याहून वर चढणारा घाटरस्ता. दोन्ही बाजूंना साग.]

निवेदन: तोरणमाळ नंदुरबार जिल्ह्यात, अक्राणी तालुक्यात. समुद्रसपाटीपासून ११०० मीटरांहून उंच पठार, वर यशवंत तलाव, कडेला खोल सीताखाई. ताईंनी दुसऱ्या प्रॉम्प्टमध्ये 'तोरणमाळ' लिहून पाहिलं. बर्फ गेला, देवदार राहिले. मग लिहिलं, 'देवदार नकोत.' तर देवदार वाढले! गप्पा मारल्यासारखं लिहून चित्र मागायच्या बऱ्याच साधनांत हा धोका असतो. नको म्हणून लिहिलेली वस्तूही त्यांच्या कानावर पडतेच. त्यापेक्षा काय हवं ते लिहावं: मोठ्या, रुंद पानांचे साग, पानं पिवळी पडू लागलेली, मधे एखादं पसरट मोहाचं झाड, उतारावर गुडघाभर वाळकं गवत. झाडांची जागा अशी भरली की देवदार उभे राहायला जागाच उरत नाही.

पण पिवळी पानं आणि वाळकं गवत म्हटलं की महिना ठरवावा लागतो. खरं काम इथून सुरू होतं.

[दृश्य: दोन फोटो शेजारी शेजारी. एक जुलैचा, एक नोव्हेंबरअखेरचा.]

निवेदन: जुलैत तोरणमाळवर जे धुकं दिसतं ते खरं तर ढग. ढगच पठारावर येऊन बसतो, घर, झाडं, रस्ता सगळं सारखंच पांढरं होतं, आणि सूर्य अनेक दिवस नीट दिसतच नाही. हिवाळ्याचं धुकं वेगळं. रात्री आभाळ निरभ्र असतं, वारा पडलेला असतो, जमीन झपाट्यानं थंड होते. तिच्या लगतची गार हवा जड होऊन उतारावरून खाली सरकते आणि दरीत साचते. ओल पुरेशी असेल तर धुकं तिथंच धरतं. म्हणून सकाळी कड्यावर उभं राहिलं की आपण कोरडे, वर आकाश स्वच्छ, आणि पायाखाली दरी भरलेली. ऊन तापलं की ते विरून जातं.

बॅनरवर सोनेरी सूर्य आणि हिरवंगार पावसाळी गवत एकत्र दाखवायचा मोह सगळ्यांना होतो. तोरणमाळला जाऊन आलेला माणूस मात्र ते लगेच ओळखतो. ताईंनी नोव्हेंबरअखेर निवडला. 'धुकं' या एका शब्दाऐवजी त्यांनी धुक्याची जागा लिहिली: खाली दरीत साचलेलं, वरची कडा सपाट, त्यातून दूरच्या डोंगररांगांचे माथे वर आलेले, अंगणात मात्र हवा स्वच्छ.

[दृश्य: होमस्टेची भिंत जवळून. बांबूची वीण, त्यावर बोटांचे ठसे उमटलेला लेप.]

निवेदन: आता घर. भाऊंनी फोटो पाठवले होते. कुडाच्या भिंती, कौलारू उतरतं छप्पर, पुढं ओटा. 'कुडाची भिंत' लिहिल्यावर साधनानं विटा रचल्या. मग ताईंनी डोळ्यांना दिसतं तसं लिहिलं: बांबूच्या कामट्या विणून केलेली भिंत, वर माती आणि शेणाचा लेप, खालच्या बाजूला लेप थोडा उडालेला. त्या उडालेल्या लेपावर भाऊ आधी नाराज होते. माझ्या मते ताईंचं बरोबर होतं. गुळगुळीत भिंत आली की घर लगेच रिसॉर्टचं वाटायला लागतं.

आपुलकी दाखवायची म्हणून साधनानं दारात हात जोडलेली, नटलेली बाई उभी केली. तिच्या अंगावर भलत्याच प्रांतातले दागिने होते. पुढच्या चित्रात घरच्या माणसांना सणाचा पोशाख आणि डोक्याला पिसं आली. भाऊ म्हणाले, "रोज सकाळी कोण असं नटतं? माणसंच काढा." मग माणसांचं काम वस्तूंवर आलं. ओट्यावर खाट, खाटेवर घडी घातलेली गोधडी, शेजारी चहाचे दोन स्टीलचे ग्लास. कौलांतून निघणारा चुलीचा धूर. तोही थंड सकाळी सरळ उंच जात नाही, थोडा वर चढून छपरावर आडवा पसरतो. हे वाक्य प्रॉम्प्टमध्ये गेलं आणि चित्रातली हवा एकदम गार वाटू लागली.

एक चूक बराच वेळ कोणाच्या लक्षात आली नाही. दारातून बल्बचा दाट पिवळा उजेड येत होता आणि अंगणात लख्ख ऊनही होतं. उन्हात बल्ब असा उजळत नाही. म्हणून वेळ बांधली: सूर्य उजवीकडच्या डोंगरामागून नुकता डोकावतोय, सावल्या लांब आणि डावीकडे, दारातला उजेड मंद.

[दृश्य: पडद्यावर पूर्ण प्रॉम्प्ट. ताई वाचतात.]

ताई: "रुंद आडवं छायाचित्र, प्रमाण तीनास एक. नोव्हेंबरअखेरची सकाळ, सातपुड्याच्या पठाराची कडा. मध्यापासून किंचित उजवीकडे कौलारू घर, बांबू विणलेल्या, शेणामातीनं लिंपलेल्या भिंती, खालचा लेप थोडा उडालेला. ओट्यावर खाट, गोधडी, चहाचे दोन स्टीलचे ग्लास. छपरावर आडवा पसरलेला चुलीचा धूर. भोवती रुंद पानांचे, पिवळे पडू लागलेले साग, वाळकं गवत. खाली दरीत सपाट साचलेलं धुकं, त्यातून डोंगरमाथे वर आलेले. सूर्य उजवीकडून नुकता वर येतोय. डावा भाग मोकळा, फिकट आकाश आणि धुकं."

निवेदन: डावी बाजू मोकळी ठेवली ती होमस्टेचं नाव आणि फोन नंबर टाकायला. अक्षरं साधनाकडून घेतली की मराठी जोडाक्षरं बऱ्याचदा तुटतात, म्हणून अक्षरं ताई नंतर स्वतः बसवतात. घर मध्याजवळ ठेवलं, कारण फोनवर बॅनरच्या कडा कापल्या जातात आणि कोपऱ्यातलं घर अर्धं उडतं.

चित्र पसंत पडल्यावरही भाऊंनी एक अट घातली. हा बॅनर फक्त पानाच्या वरच्या भागात राहील, खोल्यांचे आणि न्हाणीघराचे मात्र खरे फोटोच लागतील, आणि चित्राखाली 'एआयनं केलेलं प्रातिनिधिक चित्र' असं लिहिलेलं असेल. त्यांचं कारण सरळ आहे: घाट चढून आलेल्या पाहुण्याशी दारात वाद घालायला त्यांना वेळ नाही.

पावसाळ्यासाठी ताई दुसरा बॅनर करतायत. त्यात सूर्य नाही, दरी नाही. ओट्यावर ओल्या छत्र्या आहेत, आणि दहा पावलांपलीकडे काही दिसत नाही. भाऊंना तोच जास्त आवडलाय.