लोणी का येत नाही?

मंडळाच्या पत्रिकेत माझा विषय ‘सायीचं लोणी आणि ताक’ असा छापलाय आणि वेळ अर्धा तास. त्यातली दहा मिनिटं प्रास्ताविकातच गेली, तेव्हा ताकावर अन्याय होणार हे आधीच सांगून ठेवते. साय धरायची कशी, हे वडगाव-शहापूरच्या बायकांना शिकवायला मी काही वेडी नाही. म्हशीचं दूध उकळायचं, झाकणाऐवजी जाळी ठेवून निववायचं आणि मग फ्रिजमध्ये ठेवायचं. सकाळी भाकरीसारखी साय निघते. झाकण घातलं की वाफेचं पाणी सायीवर ठिबकतं, एवढंच.

माझं भांडण आहे ते ‘माझ्या हाताला लोणीच येत नाही’ म्हणणाऱ्यांशी. हाताचा काय संबंध ओ? संबंध आहे सायीच्या तापमानाचा.

आमच्या गल्लीतल्या एका वैनींची गोष्ट सांगते. मे महिना होता. डबाभर सायीला विरजण लावलेलं, आणि ती रात्रभर ओट्यावरच राहिलेली. सकाळी मिक्सरला लावली. फिरवतायत, फिरवतायत, भांडं गरम झालं, वर नुसता फेस. मग रवी घेतली, सून आली, मुलगा आला, लोणी काही नाही. शेवटी सासूबाई म्हणाल्या, “दृष्ट लागली.” मीठ-मिरच्या उतरवायला घेतल्या. मिरच्या जाळल्यावर सगळं घर खोकत अंगणात! मधल्या वेळात माशा बसतील म्हणून सुनेनं ते भांडं फ्रिजमध्ये सरकवलं. चहापाणी झालं, पाहुणे येऊन गेले, तास-दीड तास गेला. पुन्हा रवी घातली तर बघता बघता गोळा वर! श्रेय मिरच्यांना. (हशा) सासूबाई आजही प्रत्येक घुसळणीआधी मिरच्या उतरवतात म्हणे. सून आधी भांडं फ्रिजमध्ये ठेवते आणि गप्प बसते.

काय झालं होतं? सायीतलं स्निग्ध म्हणजे बारीक थेंब, प्रत्येकाभोवती पातळ आवरण. घुसळताना थेंब एकमेकांवर आपटतात. आतलं स्निग्ध थोडं घट्ट, थोडं मऊ असलं तरच आवरण फाटून ते एकमेकांना धरतात. साय कोमट असली तर ते पातळच असतं. मग एक तर लोणी धरत नाही, किंवा तेलकट, चिकट येतं आणि बरंचसं ताकात राहतं. उलट साय अगदी बर्फासारखी गार असली तर रवीलाच गच्च बसते. साधारण १२ ते १४ अंश हवं. थर्मामीटर नको, बोट बुडवल्यावर गार लागावं, झोंबू नये. उन्हाळ्यात बर्फाचं पाणी घालायचं, डिसेंबरच्या थंडीत चमचाभर कोमट.

आता चिठ्ठी आलीय, म्हणून भराभर. विरजण का लावायचं? आंबलेल्या सायीतलं लोणी लवकर सुटतं, चवही येते. आठवडाभराची साय फ्रिजमध्ये साठवा. त्याहून जुनी झाली तर कडवट वास लागतो. घुसळायच्या आदल्या दिवशी ही साठवलेली साय कोमट करून दोन चमचे ताजं दही घाला, बाहेर ठेवा: उन्हाळ्यात पाच-सहा तास, थंडीत रात्रभर. आंबली की दोन-तीन तास पुन्हा फ्रिजमध्ये. ही शेवटची पायरीच लोक गाळतात.

भांडं निम्म्याहून कमी भरा. आधी साय फुगते, घट्ट होते. इथे घाबरून थांबू नका. मग अचानक ती बसते, रवीचा आवाज बदलतो, ‘चपक-चपक’ पाणी उडायला लागतं आणि रव्यासारखे कण दिसतात. मिक्सर असेल तर आता हात आखडता घ्या, थांबून-थांबून फिरवा. कण ज्वारीच्या दाण्याएवढे झाले की बास. गोळा होईपर्यंत फिरवलं तर ताक आत अडकतं आणि लोणी लवकर आंबतं. ताक गाळून घ्या. मग लोण्याला गार पाणी घाला, हलवा, ओता. पाणी नितळ निघेपर्यंत हेच. म्हशीचं लोणी पांढरंशुभ्रच येणार. पिवळं हवं तर गाय पाळा.

ताक? दोन वाक्यांत. विरजण लावलेल्या सायीचं ताक पिण्याचं. जिरं, आलं, कढीपत्ता, मीठ घालून त्याच दिवशी संपवा. विरजण न लावता काढलेलं पाणी म्हणजे ताक नव्हे, गोडसर दूधच ते; त्यात कणीक मळा. आणि ताकावर तेलकट डोळे तरंगताना दिसले तर समजा, साय गरम होती, तुमचं लोणी ताकात गेलंय. ते भांडं फ्रिजमध्ये ठेवा, वर थर धरला की काढून तूप कढवा. बेरीसाठी पोरं भांडतील, तो प्रश्न तुमचा.