केळं पिकतं म्हणजे आत नेमकं काय होतं?

ही तीन केळी बघा. एक हिरवंगार, एक पिवळं धमक, आणि एक तर पार काळे ठिपके पडलेलं, जे घरात कुणी खायला तयार नसतं. तिघांची एकेक चकती कापली आणि जखमेवर लावायचं आयोडीन असतं ना, ते पाण्यात पातळ करून वरून टाकलं. हिरव्याची चकती बघता बघता काळीनिळी झाली. पिवळ्यावर थोडेच डाग आले, आणि ठिपकेवाल्याला फक्त आयोडीनचाच तांबूस रंग लागला.

काळंनिळं दिसतंय ते स्टार्च. कच्च्या केळ्याच्या १०० ग्रॅम गरात साधारण २० ग्रॅम स्टार्चच असतं आणि साखर जेमतेम एकदोन ग्रॅम, पूर्ण पिकल्यावर हे आकडे जवळपास उलटे होतात. हे घडवतो इथिलीन नावाचा गॅस, जो केळं स्वतःच सोडतं. तो लागला की आतली एन्झाइम्स जागी होतात आणि स्टार्चच्या लांबलचक साखळ्या तोडायला लागतात, त्यातून आधी आपली नेहमीची साखर, म्हणजे सुक्रोज बनते आणि पुढे तिचं ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होत जातं. जळगावकडच्या रायपनिंग चेंबरमधे बाहेरून इथिलीन सोडतात ते याचसाठी, सगळा माल एकदम पिकायला लागावा म्हणून.

आता गंमत अशी की गोडी एवढी वाढली तरी कॅलरी वाढलेल्या नसतात, स्टार्चचीच साखर झालीये, बाहेरून काही आलेलं नाही. फरक पडतो तो पचनात. कच्च्या केळ्यातल्या स्टार्चचे कण इतके घट्ट असतात की बरंचसं लहान आतड्यात पचतच नाही, तसंच पुढे मोठ्या आतड्यात जातं आणि तिथले बॅक्टेरिया त्यावर ताव मारतात. म्हणून त्याला रेझिस्टंट स्टार्च म्हणतात, काम जवळपास फायबरसारखंच. पिकलेल्यात ते उरत नाही, साखर पटकन रक्तात येते, त्यामुळे डायबेटिस असेल तर काळं पडलेलं मोठं केळं आणि जरा कच्चट छोटं केळं यात फरक पडतो.

पण म्हणून कुणी कच्च्या केळ्याची भाजी करून खूश होणार असेल तर थांबा, शिजवलं की ते घट्ट कण फुगून फुटतात आणि बरंचसं स्टार्च सहज पचणारं होतं. भाजी चवीला मस्तच लागते, तो वेगळा विषय.

आणि नुसत्या सालीच्या रंगावर जाऊ नका. कडक उन्हाळ्यात आपल्या नेहमीच्या केळ्याची साल हिरवटच राहते पण आत गर मऊ आणि गोड झालेला असतो. उलट कच्चं केळं फ्रिजमधे ठेवलं तर साल थंडीने काळी पडते, आपल्याला वाटतं पिकलं, कापून आयोडीन टाकलं तर चकती पुन्हा काळीनिळी.