चार फुटी घसरगुंडीला किती ब्रास वाळू?

(दृश्य: सोसायटीच्या कोपऱ्यातली घसरगुंडी, बाजूला वाळूचा ढीग.)

"एवढ्याशा जागेला किती वाळू लागणार? एक गाडी टाका, झालं काम." सोसायटीच्या मीटिंगमध्ये हे वाक्य हमखास कानावर पडतं. मग गाडी येते, वाळू पसरली जाते, दिसायलाही झकास दिसते. पण घसरगुंडीखाली हात खुपसून पाहिला, तर चार बोटांवरच मुरूम लागतो.

पडणाऱ्या मुलाचं डोकं वाचतं ते वाळूचे कण बाजूला सरकतात म्हणून. ते सरकायला जागा हवी, म्हणजेच खोली हवी. अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाच्या मार्गदर्शिकेत साधा हिशेब दिला आहे: 9 इंच वाळू 4 फुटांपर्यंतच्या पडण्याला पुरते. त्याच तक्त्यात 9 इंच लाकडाच्या चिप्स 10 फुटांना चालतात. म्हणजे वाळू त्या मानाने फारच लवकर हात टेकते. सहा फुटी मचाण असेल, तर वाळूचा विचारच सोडलेला बरा.

आता प्रत्यक्ष मोजू. घसरगुंडी, शिडी आणि मचाण मिळून जागा 12 फूट लांब, 5 फूट रुंद. मचाणाला बंद कठडा आहे, म्हणून उंची फळीपासून धरायची: 4 फूट. मूल सरळ खाली पडतंच असं नाही, म्हणून चारही बाजूंना 6 फूट मोकळी जागा वाळूखाली घ्यायची. झाले 24 बाय 17, म्हणजे 408 चौरस फूट. (झोपाळा असेल तर त्याचं गणित वेगळं, पुढे-मागे खूप जास्त जागा लागते.)

खोली 9 इंच हवी, पण 9 इंच टाकून चालत नाही. सुटी वाळू वापराने किमान पाव हिस्सा दबते. म्हणून सुरुवात 12 इंचांनी. 408 चौरस फूट, एक फूट खोल: 408 घनफूट. शंभर घनफुटांचा एक ब्रास, म्हणजे चार ब्रासला थोडी वर.

(दृश्य: गाडीतून उतरणारी ओलसर वाळू.)

इथेच बहुतेकांचा घात होतो. गाडीत येणारी वाळू ओलसर असते, आणि ओलसर वाळू फुगते. कणांभोवती पाण्याचा पातळ थर बसतो, कण एकमेकांपासून लांब राहतात. किती फुगली ते तिथल्या तिथे कळतं. सरळ उभ्या बरणीत 20 सेंटीमीटर वाळू सैल भरा, पाणी ओतून ढवळा, बसू द्या. वाळू 16 सेंटीमीटरवर आली, तर 4 सेंटीमीटर नुसती हवा आणि ओल होती. या वाळूचा एक ब्रास खरा 80 घनफूटच भरतो.

मागवलेली चार ब्रास पहिल्याच दमदार पावसात साडेनऊ इंचांच्या आसपास येते. दबण्यासाठी ठेवलेले तीन इंच मुलं खेळायच्या आधीच संपले. म्हणून 408 भागिले 0.8: 510 घनफूट. पाच ब्रास मागवा आणि वर थोडी.

वाळू कोणती, हा प्रश्न तितकाच महत्त्वाचा. क्रश सँड बांधकामाला उत्तम, इथे नको. तिचे कण टोकदार असतात, एकमेकांत अडकतात, आणि बारीक भुकटीमुळे थर घट्ट बसतो. इथे गोल कणांची, धुतलेली वाळू हवी. ओली वाळू मुठीत दाबा. गोळा तसाच राहिला आणि तळहात मातकट झाला, तर ती परत पाठवा.

खड्डा 16 इंच खणायचा. खाली 4 इंच खडी, म्हणजे साधारण दीड ब्रास, तिच्यावर जिओटेक्स्टाइल कापड आणि मग वाळू. पाणी निघून जायला खडीतून बाहेर वाटही ठेवा, नाहीतर जुलैमध्ये तिथे डबकं होतं. चिंब भिजून घट्ट बसलेली वाळू पडताना सिमेंटपेक्षा फारशी वेगळी वागत नाही. तळाला काँक्रीट किंवा पेव्हर ब्लॉक तर नकोच.

(दृश्य: मचाणाच्या खांबावर रंगाच्या दोन रेघा.)

मचाणाच्या खांबांवर दोन रेघा मारून घ्या, एक 12 इंचांवर, एक 9 इंचांवर. फळीची 4 फूट उंची खालच्या रेघेपासून मोजायची. वाळू खाली गेली की पडण्याची उंची वाढते, हे सहसा कुणी धरतच नाही. वरच्या रेघेपासून 4 फूट धरलेली घसरगुंडी वाळू बसल्यावर सव्वाचार फुटांची होते, आणि 9 इंच वाळू तिला पुरत नाही.

सगळ्यात आधी उघडी पडते ती घसरगुंडीच्या तोंडाची आणि शिडीखालची जागा, कारण तिथे पाय घासतात. ती रोज फावड्याने सारखी करून घ्यायची. सगळीकडेच पातळी खालच्या रेघेशी आली, तर भर घालायची वेळ झाली: एक इंच वाढवायला 34 घनफूट लागते, ब्रासचा तिसरा हिस्सा. गाडीतली ओलसर वाळू असेल, तर त्यातही फुगवटा धरून थोडी जास्तच सांगायची.